फवारणीनंतरही डास दिसतात, तरी हिवताप का हटतो? एकापासून किती, याचा हिशेब

पावसाळा सुरू झाला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. फवारणीवाले गावात येऊन जातात, भिंतींवर औषध मारतात, आणि चार दिवसांनी एखादी ताई म्हणते, "फवारून गेले, पण डास त तेवढेच हायेत. मग कायले घरातला पसारा बाहेर काढायचा?" दुसरी म्हणते, "औषधाचा वास येते, ढेकूण वाढते, आम्ही तर या वर्षी दाराला कुलूपच लावून शेतात गेलो." आमच्या गडचिरोली जिल्ह्यात हिवताप काही नवा नाही, आणि लेकराला मेंदूचा हिवताप झाला की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून आज आपण या प्रश्नाचं उत्तर हिशेब मांडून शोधू. बचत गटाच्या वहीत लिहिता येईल इतकाच तो हिशेब आहे. भागाकार-गुणाकार तेवढा लागेल.

हिवतापाचा अभ्यास करणारे लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा: गावात एकच आजारी माणूस आला, बाकी सगळे निरोगी आहेत, कुणाच्याही अंगात आधीची ताकद नाही, आणि आपण काहीच उपाय केला नाही, तर त्या एकापासून नवे किती जण आजारी पडतील? या आकड्याला ते 'आर नॉट' म्हणतात. आपण त्याला 'एकापासून किती' म्हणू. उत्तर पाच आलं, तर एकाचे पाच, पाचाचे पंचवीस, पंचविसाचे सव्वाशे होतात. उत्तर एकापेक्षा कमी आलं, समजा ०.८, तर शंभर रुग्णांपासून ८० होतात, ८० पासून ६४, मग ५१, मग ४१. आजार एका दिवसात जात नाही, पण विझत जातो. म्हणजे सगळी लढाई त्या 'एक'च्या रेषेखाली येण्याची आहे.

ही रेषा असते हे ज्यांनी पहिल्यांदा हिशेबाने दाखवलं ते रोनाल्ड रॉस. आपल्याच देशात जन्मलेले, सैन्यातले डॉक्टर. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्यांना डासाच्या पोटाच्या आवरणात हिवतापाचा जंतू सापडला, आणि पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण आपल्या कामाची गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. लोक त्यांना म्हणायचे, जगातले सगळे डास कसे मारणार? रॉस म्हणाले, सगळे मारायची गरजच नाही. डासांचं प्रमाण एका मर्यादेखाली गेलं की आजार आपोआप ओसरेल.

आता आपला हिशेब मांडू. यातले काही आकडे आम्ही समजायला सोपे जावेत म्हणून धरले आहेत. गावोगाव ते वेगळे निघतील, पण हिशेबाची रीत तीच राहते.

रक्त पिते ती फक्त मादी. अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं. रक्त प्यायली की ती भिंतीवर, छताच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात बसून राहते, दोन-तीन दिवसांत अंडी तयार होतात, ती पाण्यावर जाऊन घालते आणि पुन्हा रक्ताच्या शोधात येते. म्हणजे तिची एक फेरी साधारण तीन दिवसांची. गावात माणशी तीन माद्या आहेत असं धरा. प्रत्येक मादी तीन दिवसांतून एकदा चावते, म्हणजे प्रत्येक माणसाला रोज सरासरी एक चावा.

आता त्या गावात एक आजारी माणूस आहे. त्याच्या रक्तातून डासाला जंतू मिळू शकतील असे ३० दिवस धरू. ३० दिवसांत त्याला ३० चावे बसले. प्रत्येक चाव्यात जंतू डासाच्या पोटात रुजतोच असं नाही, म्हणून तीनात एक धरू. म्हणजे १० माद्यांच्या पोटात जंतू गेला.

पण थांबा. त्या १० माद्या उद्या कुणाला चावल्या तरी काही होत नाही. जंतू पोटातून वाढत वाढत त्यांच्या लाळेपर्यंत पोहोचावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. फाल्सिपेरम जातीच्या जंतूला, म्हणजे ज्याने मेंदूचा हिवताप होतो त्याला, २७ अंश सेल्सिअसच्या हवेत सुमारे १० दिवस लागतात. हे १० दिवस मादी जगली तरच ती धोक्याची. आणि डासाचं आयुष्य ते किती! कोळी, पाल, चतुर, पाऊस, वारा, उन्हाची झळ, माणसाचा हात. समजा रोज शंभरातल्या १० माद्या मरतात आणि ९० जगतात. पहिल्या दिवशी शंभराच्या ९०, दुसऱ्या दिवशी ८१, तिसऱ्या दिवशी ७३, असं करत दहाव्या दिवशी उरतात सुमारे ३५. म्हणजे आपल्या १० माद्यांपैकी साडेतीन.

या साडेतीन माद्या आता खऱ्या धोक्याच्या. रोज शंभरात १० मरत असतील तर यापुढे प्रत्येक मादी सरासरी आणखी १० दिवस जगते. दहा दिवसांत तीन दिवसांची फेरी, म्हणजे तीनेक चावे. साडेतीन गुणिले तीन, साडेदहा चावे. यातल्या निम्म्या चाव्यांतून माणसाला आजार लागला, तर नवे रुग्ण पाच. एकापासून पाच. आपल्या गावाचा आकडा आला.

आता खरी गंमत सुरू होते. आपल्या हातात तीन दोऱ्या आहेत: डासांची संख्या, त्यांचं माणसाला चावणं आणि त्यांचं आयुष्य. प्रत्येक दोरी अर्धी करून बघू.

आधी डास अर्धे केले. नाल्या साफ केल्या, खड्डे बुजवले, माणशी तीनच्या जागी दीड मादी राहिली. रुग्णाला ३० च्या जागी १५ चावे, पाच माद्यांत जंतू, आणि पुढचं सगळं अर्धं. उत्तर अडीचच्या आसपास. इतकं राबूनही एकापासून अडीच. आजार वाढतच राहणार, फक्त हळू.

आता डास तेवढेच ठेवा, पण त्यांचं माणसाला चावणं अर्धं करा. तीनऐवजी सहा दिवसांतून एकदाच माणूस, बाकी वेळा जनावर. रुग्णाला १५ चावे, पाच माद्यांत जंतू, दहा दिवसांनी उरल्या पावणेदोन. इथपर्यंत मघासारखंच. पण या उरलेल्या माद्याही माणसाला निम्मेच चावतात, तीनऐवजी दीड वेळा. उत्तर येतं सव्वाच्या थोडं वर. पाचाचा चौथा हिस्सा! याचं कारण असं की मादीला हिवताप पसरवायला दोन वेळा माणूस लागतो. एकदा आजाऱ्याकडून जंतू घ्यायला, एकदा निरोग्याला द्यायला. चावणं अर्धं केलं की घेणंही अर्धं आणि देणंही अर्धं. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव.

तिसरी दोरी आयुष्याची. डास तेवढेच, चावणंही तेवढंच, पण रोज शंभरातल्या १० ऐवजी २० मरतात. सरासरी आयुष्य दहावरून पाच दिवसांवर आलं, म्हणजे अर्धं. १० माद्यांत जंतू गेला. पहिल्या दिवशी शंभराच्या ८०, मग ६४, मग ५१, आणि दहाव्या दिवशी शंभरातल्या जेमतेम ११. म्हणजे आपल्या १० पैकी फक्त एक उरली. ती आणखी पाचच दिवस जगणार, म्हणजे दीडेक चावा. त्यातला निम्मा लागू पडतो. उत्तर ०.८. एकाच्या रेषेखाली!

पुन्हा सांगतो, कारण इथेच सगळं आहे. डास अर्धे केले तर आकडा अर्धा होतो. चावणं अर्धं केलं तर पाव होतो. आयुष्य अर्धं केलं तर सहाव्या हिश्शाच्याही खाली जातो. आणि या तिसऱ्या हिशेबात आपण डासांची संख्या मुद्दाम तेवढीच धरली. प्रत्यक्षात डास लवकर मरायला लागले की तेही कमी होतात आणि आकडा आणखी खाली येतो. आयुष्याचा परिणाम एवढा मोठा का? कारण ते दहा दिवस. मादीला दहा वेळा, रोज एकेक दिवस, मरणातून सुटायचं आहे. रोजची सुटका थोडी जरी अवघड केली, तरी दहा दिवसांत तो फरक दहा वेळा गुणला जातो. आपण बैठकीत व्याजावर व्याज चढतं म्हणतो ना, तसंच, फक्त उलट्या दिशेने.

हे आयुष्याचं गणित इंग्लंडमधल्या जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात मांडलं. आफ्रिकेत हिवताप वर्षभर ठाण मांडून बसतो आणि आपल्याकडे तो काही वर्षी उसळतो, काही वर्षी दबतो, असं का, याचंही उत्तर त्यातून मिळालं. आफ्रिकेतला गॅम्बी नावाचा डास जास्त दिवस जगतो आणि त्याला माणसाचंच रक्त आवडतं. दोन्ही दोऱ्या त्याच्या बाजूने, त्यामुळे थोडे डास असले तरी पुरतात. आपल्याकडच्या खेड्यांतला मुख्य डास म्हणजे क्युलिसिफेसीस. तो बहुतेक वेळा गाई-बैलांना चावतो आणि त्याचं आयुष्यही कमी. म्हणून त्याला आजार पसरवायला मोठी फौज लागते, आणि म्हणूनच त्याला रेषेखाली ढकलणं आपल्याला जमू शकतं. आपल्या जंगलपट्टीत मात्र आणखी एक आहे, फ्लुविआटिलिस. तो ओढ्याच्या काठच्या स्वच्छ, हळू वाहत्या पाण्यात वाढतो आणि माणसाकडे जास्त वळतो. तो थोडा असला तरी नडतो.

काही जणी विचारतात, मग गोठा दाराशीच बरा का? डास जनावराला चावले की माणूस वाचेल? हिशेब एवढा सरळ नाही. जनावरामुळे चावे वाटले जातात हे खरं, पण गोठा खाटेच्या शेजारी असला तर तेच डास घराकडे ओढले जातात, आणि पोटभर रक्त मिळालं की अंडीही जास्त होतात. गोठा घरापासून थोडा लांब असलेला बरा, असं आमचं मत.

आता फवारणीकडे येऊ. रक्त प्यायलेली मादी जड होते आणि बहुधा जवळच्या भिंतीवर टेकते. फवारणीचं औषध तिथेच तिची वाट बघत असतं. आता बघा, रोज शंभरातल्या ९० जगत असताना एका तीन दिवसांच्या फेरीतून ७३ वाचतात. ८० जगत असताना ५१ वाचतात. म्हणजे आकडा पाचावरून ०.८ वर आणायला दर फेरीला, ज्या एरवी वाचल्या असत्या त्यांतल्या दहापैकी तीन माद्या भिंतीवर किंवा मच्छरदाणीवर मेल्या तरी पुरे. दहापैकी सात सुटल्या तरी चालतील! त्या सातांना तीन दिवसांनी पुन्हा याच घरात यायचं आहे.

म्हणूनच फवारणीनंतरही घरात डास दिसतात. दिसणारे पुष्कळसे डास आपल्याला हिवताप न देणाऱ्या जातीचे असतात, आणि हिवतापाच्या जातीचे असले तरी बरेचसे कोवळे, दोन-चार दिवसांचे असतात. ते चावतात, खाज येते, झोपमोड होते, पण त्यांच्या लाळेत जंतू नसतो. धोका असतो तो म्हाताऱ्या मादीचा, आणि फवारणीने तीच नाहीशी होते. कानाशी गुणगुण ऐकून आपल्याला डासाचं वय कळत नाही, हीच अडचण.

मग तज्ज्ञांना कसं कळतं? त्याची एक सुंदर पद्धत आहे. कीटकांचा अभ्यास करणारे कर्मचारी पहाटे घराघरांत, गोठ्यांत टॉर्च घेऊन फिरतात आणि तोंडाने ओढायच्या नळीने भिंतीवरचे डास पकडतात. मग सुईने मादीचं पोट उघडून अंडाशय सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जिने कधीच अंडी घातली नाहीत तिच्या अंडाशयावरच्या बारीक श्वासनळ्या गुंडाळलेल्या असतात, आणि जिने एकदा तरी घातली तिच्या त्या ताणून सुटलेल्या असतात. बाळंतपणाची खूणच म्हणा. शंभरातल्या ७३ माद्यांवर ती खूण सापडली तर रोज शंभरातल्या ९० जगत आहेत. ५१ जणींवरच सापडली तर ८० जगत आहेत. आता हे आकडे तुम्ही मघाशीच ऐकले. चांगली फवारणी झालेल्या गावात बाळंत झालेल्या माद्यांचं प्रमाण घसरतं, मग पकडलेल्या डासांची संख्या तेवढीच का असेना.

हा हिशेब कुठे बिघडतो तेही सांगायला हवं. पहिला बिघाड आपल्याच हाताने होतो. फवारणीनंतर पोळा-दिवाळीच्या तोंडावर आपण भिंती सारवतो, पोतारतो. औषधावर शेणामातीचा थर बसला की मादी त्या थरावर बसते आणि मजेत उडून जाते. औषधाचा असर साधारण अडीच महिने राहतो, तेवढे दिवस खालची जमीन सारवा, भिंती राहू द्या. सण जवळ असेल तर आधी सारवा, वाळू द्या, मग फवारून घ्या. आशाताईकडून तारीख आधी कळली तर हे जमतं. आणि घरातली देवखोली, धान्याची खोली, बाळंतिणीची खोली सोडून फवारलं तर डास नेमके तिथे जाऊन बसतात. धान्य आणि भांडी झाकून किंवा बाहेर काढून ती खोलीही फवारता येते.

मच्छरदाणी दोन दोऱ्या एकदम ओढते. चावणं कमी करते आणि औषधवाली असेल तर आयुष्यही. ती सोडा-ब्लीचिंगमध्ये उकळू नका. साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, आणि धुतलेलं पाणी ओढ्यात टाकू नका, मासे मरतात. वीसेक वेळा धुईपर्यंत तिचं औषध टिकतं.

दुसरा बिघाड असा की हिशेब घरात झोपणाऱ्या माणसाचा आहे. धान निसवल्यावर राखणीला शेतातल्या माचीवर झोपणाऱ्याला ना फवारलेली भिंत, ना दाणी. तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलात मुक्काम करणाऱ्यांचंही तेच. गावाची सरासरी ०.८ असली तरी या माणसांची ती पाच असू शकते, आणि मग तेच लोक गावात आजार आणत राहतात. घरातली एक दाणी माचीवर जायलाच हवी, हे आम्ही सगळ्या गटांना सांगतो.

तिसरी गोष्ट औषधाला न जुमानणाऱ्या डासांची. क्युलिसिफेसीस डास आपल्या राज्यात डीडीटीला केव्हाच सरावला, आणि पुष्कळ ठिकाणी नव्या औषधांनाही सरावतो आहे. तपासायला डासांना एक तास औषध लावलेल्या कागदाच्या नळीत ठेवतात आणि २४ तासांनी मेलेले मोजतात. शंभरात ९० पेक्षा कमी मेले तर औषध बदलायची वेळ आली. नीट फवारणी झालेल्या, सारवण न झालेल्या गावातही रुग्ण घटत नसतील, तर ही तपासणी झाली का असा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

हिशेबातला एक आकडा मात्र डासाचा नाही, माणसाचा आहे. तो म्हणजे ते ३० दिवस. फाल्सिपेरमचा रुग्ण ताप आल्याबरोबर लगेच डासाला जंतू देत नाही. त्याच्या रक्तात डासाला लागणारं जंतूचं रूप तयार व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस जातात. ताप आला त्याच दिवशी आशाताईकडून बोटाच्या रक्ताची तपासणी करून गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेतला, तर ३० चे सहा दिवस होऊ शकतात, आणि आपल्या गावाचा पाचाचा आकडा एकावर येतो. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवल्या तर तो माणूस चालता-फिरता आणि डासांना जंतू देणारा राहतो. गरोदर बाईला मात्र यातल्या काही गोळ्या चालत नाहीत, म्हणून आशाताईला आधी ते सांगावं.

थंडीत हिवताप का ओसरतो, याचं उत्तरही आता तुम्हीच काढू शकाल. २० अंशाच्या हवेत जंतूला डासात वाढायला दहाऐवजी सुमारे २८ दिवस लागतात. रोज शंभरातल्या ९० जगल्या तरी २८ दिवसांनी उरतात फक्त पाच.

डेंग्यूचा डास वेगळा. तो दिवसा चावतो, घरातल्या माठात, ड्रममध्ये, कूलरमध्ये वाढतो, आणि भिंतीपेक्षा लटकलेल्या कपड्यांत, खाटेखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो. शिवाय पोट भरेपर्यंत एका फेरीत दोन-तीन माणसांना टोचतो, म्हणून त्याची चावण्याची दोरी फार ताणलेली. भिंतीची फवारणी त्याला फारशी लागत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून त्याच्यासाठी आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेलीच राहतात, आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात.